कढईचा स्टीम ट्रॅप महिन्याला ‘जातो’, रोज ड्रेन उघडावा लागतो: दोष बहुतेक दुसऱ्याच ट्रॅपमध्ये असतो

सातारा एमआयडीसीत खवा करणाऱ्या एका युनिटची ही गोष्ट. पेढ्यासाठी खवा लागतो, त्यामुळे पहाटे चारला बॉयलर पेटतो आणि पाचच्या आत तिन्ही कढयांत म्हशीचं दूध पडतं. कढया स्टीम जॅकेटच्या, म्हणजे दुहेरी तळाच्या आणि मधल्या पोकळीत वाफ खेळणाऱ्या. बॉयलर 7 किलो प्रेशरला चालतो, प्रेशर उतरवणाऱ्या पीआरव्ही व्हॉल्व्हनंतर कढयांना 3 किलोने वाफ मिळते. जॅकेटच्या तळाशी, वाफ अडवून तिचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा, अर्ध्या इंची चकतीचा ट्रॅप, म्हणजे थर्मोडायनॅमिक. ट्रॅपमधून निघालेलं गरम पाणी चार मीटर वर चढून छताखालच्या रिटर्न लाईनला मिळतं आणि तिथून बॉयलरच्या फीड टँकला जातं. साखर कारखान्यापासून लहान डेअरीपर्यंत आपल्याकडे ही मांडणी सर्रास दिसते.

तक्रार अशी होती की दोन नंबरच्या कढईचा ट्रॅप टिकत नाही. सहा महिन्यांत पाच ट्रॅप बदलले. नवा बसवला की दोन-तीन दिवस कढई झकास चालते, मग पुन्हा सुरुवातीला तापत नाही. ट्रॅपच्या अलीकडे अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्हचा ड्रेन काढलेला होता. तो उघडून जॅकेटमधलं पाणी गटारीत सोडलं की कढई तापायची. सगळे त्याला बायपासच म्हणायचे.

मी नंतर कढईवरच्या मामांना विचारलं, “मामा, रोज उघडायचा हा?”

“न्हाय उघडला तर दूध तासभर कोमटच राहायचं. पायानंच उघडायचो, हात भाजायचा दांडीला.”

नेमका तो पायानं उघडलेला ड्रेन महागात पडला. एके दिवशी मामा दुसऱ्या कामात अडकले, ड्रेन उघडायचं राहून गेलं. कढई उशिरा का होईना तापली, दूध उकळायला लागलं आणि जॅकेटमध्ये पूर्ण 3 किलो प्रेशर आलं. मग त्यांना आठवण झाली आणि त्यांनी नेहमीसारखी टाच मारून व्हॉल्व्ह उघडला. पाणी फरशीवर आपटून उलटं उसळलं ते नडगीवर आणि गमबुटाच्या आत. दचकून मागे सरताना आधाराला हात टाकला तो उघड्या पाइपवर. पायाला पाऊलभर फोड, तळहाताला चट्टा, तीन आठवडे घरी.

त्यानंतर मला बोलावलं. मालकांचं म्हणणं होतं, “चांगल्या कंपनीचा ट्रॅप सांगा, एकदाच काय ते बसवून टाकू.” बदललेले पाचही ट्रॅप त्यांनी डब्यात जपून ठेवले होते. मी ते उघडून बघितले. चकती सपाट, सीट गुळगुळीत, कुठे खाच नाही. तीन तर नव्यासारखे होते. पाच चांगले ट्रॅप एका जागी बसून ‘खराब’ होत असतील, तर तक्रार त्या जागेची आहे, ट्रॅपची नाही.

सुगावा कुठे लागला

मी बॉयलर ऑपरेटरची डायरी मागितली. वाफेच्या कामात यापेक्षा स्वस्त साधन नाही. ट्रॅप बदललेल्या तारखांच्या पुढे दोन-तीन दिवसांनी दर वेळी एकच नोंद होती: सकाळी मेन लाईन ठोकते, ड्रिपचा व्हॉल्व्ह बंद होता, उघडला.

याचा अर्थ असा. 7 किलोच्या मेन लाईनच्या शेवटी, पीआरव्हीच्या आधी, साठणारं पाणी काढायला एक ड्रिप ट्रॅप होता. त्याचं पाणीही त्याच रिटर्न लाईनला जात होतं. कढईचा ट्रॅप बदलताना रिटर्न लाईनमधून वाफ अंगावर येऊ नये म्हणून फिटर ड्रिप ट्रॅपच्या आधीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि जाताना उघडायला विसरायचा. तो बंद असेपर्यंत कढई छान चालायची. पण मेन लाईनचं पाणी निघायला वाट नसल्याने ते साठायचं आणि वाफ त्या पाण्याचा गोळा ढकलत नेऊन एल्बोवर आपटायची. ठोकण्याचा आवाज ऐकून ऑपरेटर तो व्हॉल्व्ह उघडायचा, जे त्याने करायलाच हवं होतं. आणि त्याच दिवशी कढईचा नवा ट्रॅप ‘जायचा’.

मग मी ड्रिप ट्रॅपपाशी गेलो. चकतीचा ट्रॅप ठीक असेल तर तो टक करून उघडतो, पाणी टाकतो, बंद होतो आणि काही सेकंद शांत राहतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपच्या टोपीवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली की हे स्वच्छ ऐकू येतं. (हातमोजा घालूनच, आणि लाईनवर डोकं वाकवून नाही.) इथे टक नव्हतीच, एकसारखी शिटी होती. ट्रॅप उघडाच अडकलेला होता आणि 7 किलोची कोरी वाफ थेट रिटर्न लाईनमध्ये जात होती.

रिटर्न लाईनला चढणाऱ्या पाइपच्या तळाशी एक जुना टी होता. बॉयलर बंद करून, लाईन थंड झाल्यावर तिथे प्रेशर गेज बसवला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने 1.6 किलो दाखवलं. चार मीटर पाणी चढवायला 0.4 किलो लागतं, त्यात पाइपचं घर्षण धरा. अर्ध्या किलोच्या आसपास असायला हवं होतं. बाकीचं सगळं प्रेशर त्या उघड्या ट्रॅपच्या वाफेचं.

कढई सुरुवातीलाच का अडायची

वाफेचं प्रेशर आणि जॅकेटमधलं प्रेशर एकच असतं असं आपण धरून चालतो, आणि तिथेच चूक होते. गार दूध पडलं की जॅकेटमध्ये शिरणारी वाफ तिथल्या तिथे पाणी होऊन बसते. 100 लिटर दूध 10 अंशांवरून 20 मिनिटांत उकळीला आणायचं तर 16 किलोच्या आसपास वाफ त्या वेळात पाणी होते, म्हणजे ताशी पन्नास किलोचा वेग. व्हॉल्व्हमधून येणारी वाफ इतकी झपाट्याने खपली की जॅकेटमध्ये जेमतेम अर्धा-एक किलो प्रेशर राहतं, हेडरवरचा काटा 3 दाखवत असला तरी.

ट्रॅप म्हणजे पंप नव्हे. तो फक्त दार उघडतो, पाणी ढकलायचं काम आतल्या प्रेशरने करायचं असतं. पुढे 1.6 आणि मागे 1 असेल तर पाणी जाणार कुठे? त्यातून चकतीच्या ट्रॅपची वेगळी अट आहे: पुढचं प्रेशर मागच्याच्या 80 टक्क्यांच्या वर गेलं की तो नीट काम करत नाही. म्हणजे या कढईला आत किमान 2 किलो प्रेशर आल्याशिवाय ट्रॅप चालूच होणार नव्हता. तोवर जॅकेट पाण्याने भरलेलं, दूध कोमट.

हेच पुन्हा शेवटीही घडत होतं, ते मामांनी आपणहून सांगितलं. खवा घट्ट होत आला की तो लागू नये म्हणून वाफ कमी करतात. प्रेशर पडतं, पाणी पुन्हा साठतं आणि खवा गोळा धरायला वेळ लागतो. त्यांना वाटायचं दुधातच पाणी आहे.

बाकीच्या दोन कढयांनाही हा त्रास थोडा थोडा होताच. दोन नंबरची कढई ड्रिप ट्रॅपच्या जोडापासून सगळ्यात जवळ, म्हणून तिला सगळ्यात जास्त.

तुमच्याकडे हा प्रकार आहे का हे ओळखायचं असेल तर वेळ बघा. मधल्या काळात चालते आणि सुरुवातीला व शेवटी अडते, अशी कढई ट्रॅपच्या पुढच्या प्रेशरची रोगी असते. ट्रॅप खरोखर कचऱ्याने तुंबला असेल तर तो दिवसभर तुंबलेला असतो, वेळ बघून तुंबत नाही.

वाफ आहे की फ्लॅश, हे डोळ्यांनी

ट्रॅप उघड्यावर पाणी टाकत असेल तर पांढरा धूर दिसतोच, म्हणून तो खराब ठरत नाही. 3 किलोच्या जॅकेटमधलं पाणी 143 अंशांच्या आसपास असतं. बाहेर येताच त्याला 100 च्या वर पाणी म्हणून राहता येत नाही, त्यातला साधारण 8 टक्के भाग क्षणात वाफ होतो. एक लिटर पाण्यातून सव्वाशे लिटरहून जास्त वाफ. मामांच्या पायाशी पाणी नुसतं वाहिलं नाही, उसळलं, ते याच कारणाने. ही फ्लॅश वाफ आळसावलेली असते, थेंबांसकट लोळत बाहेर पडते आणि मध्ये मध्ये थांबते. कोरी वाफ जोरात, सलग निघते आणि तोंडापाशी बोटभर अंतरात काहीच दिसत नाही, कारण वाफ स्वतः पारदर्शक असते, पांढरं दिसतं ते तिचं झालेलं पाणी. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेतच हात सगळ्यात वाईट भाजतो. गळती शोधायला तिथे हात फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका.

ट्रॅपच्या दोन बाजूंचं तापमान मोजून निकाल देणाऱ्यांचं मला पटत नाही. ट्रॅपच्या पुढे पाणी असो की वाफ, पुढच्या प्रेशरला ठरलेलं जे तापमान, तेच दोन्हींना असतं. ट्रॅप अगदी गार लागला तर तो तुंबलाय किंवा पाणी पुढे सरकत नाही, एवढंच तापमानावरून खात्रीने कळतं.

आणि तापमानाची गन वापरत असाल तर एक धोका माहीत असू द्या. चकचकीत स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते. मी त्या युनिटमध्ये 140 अंशांच्या स्टेनलेस पाइपवर गन धरली तर पन्नासच्या आत आकडा आला. शेजारी उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका लावून त्यावर धरली तेव्हा खरा आकडा दिसला. गन ‘पन्नास’ म्हणाली म्हणून हात लावू नका.

उघडा पाइप कुठून आला

ज्या पाइपवर मामांचा हात पडला, तो पूर्वी उघडा नव्हता. पहिला ट्रॅप बदलताना पाना बसावा म्हणून फिटरने मीटरभर लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टन, फाडलं. काम तासाचं, लॅगिंगवाला वेगळा, त्याला बोलावणार कोण? पुढच्या चार वेळा ते आणखी फाटत गेलं. मेन लाईनचंही तसंच, वेल्डिंगसाठी बारा मीटर काढलेलं लॅगिंग वर्षभर गोदामात पडून होतं. दोन इंची उघडी मेन लाईन दर मीटरला साडेचारशे-पाचशे वॅट उष्णता हवेत सोडते, म्हणजे दर मीटरला ताशी पाऊण किलोहून जास्त वाफेचं पाणी होतं. बारा मीटरचं ताशी नऊ-दहा किलो जादा पाणी त्याच ड्रिप ट्रॅपवर पडत होतं, आणि ठोकणंही त्यामुळेच लवकर सुरू व्हायचं.

धातूचा पृष्ठभाग 60 अंश असेल तर पाचेक सेकंद हात टेकला तरी भाजतं. 140 ला विचार करून हात काढायला वेळच मिळत नाही. म्हणून माणसाचा हात, खांदा, कोपर पोचेल तिथे लॅगिंगवरचं तापमान 60 च्या बरंच खाली असायला हवं. आम्ही 50 मिलिमीटर रॉकवूल आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा घातला. डेअरीत रोज फरशी आणि भिंती धुतात, म्हणून पत्र्याचा जोड खालच्या बाजूला आणि सील केलेला. वर जोड राहिला तर पाणी आत मुरतं आणि ओलं रॉकवूल लॅगिंग राहतच नाही.

ट्रॅप, कचरा अडवणारा स्ट्रेनर, फ्लँज अशा वारंवार उघडाव्या लागणाऱ्या जागी मात्र पत्रा ठोकू नका. तिथे ग्लास क्लॉथची, पट्ट्यांनी बांधायची काढती जॅकेट शिवून घ्या. फिटर पट्टा सोडेल, काम करेल, पट्टा बांधेल. लॅगिंग फाटण्याचं खरं कारण त्याने संपतं.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. चकतीच्या ट्रॅपला लॅगिंग करायचं नसतं, त्याच्या टोपीला थंड व्हावं लागतं, नाहीतर तो उघडायला उशीर लावतो. बेलोजच्या किंवा बायमेटलच्या ट्रॅपच्या आधीचा मीटरभर पाइपही मुद्दाम उघडा ठेवतात, पाणी थोडं गार व्हावं म्हणून. त्या जागी हात जाऊ नये यासाठी चार बोटं अंतरावर जाळीचा पिंजरा लावायचा. लॅगिंग नको याचा अर्थ आडोसाही नको असा होत नाही.

काय केलं, कोणत्या क्रमाने

आधी ड्रिप ट्रॅप बदलला. नव्याच्या आधी स्ट्रेनर घातला, कारण जुन्याच्या सीटवर वेल्डिंगचा खडा रुतलेला सापडला, ज्या वेल्डिंगसाठी लॅगिंग काढलं होतं त्याचाच. एवढ्याने रिटर्नचा गेज 1.6 वरून 0.6 वर आला. कढई त्याच दिवशी सुधारली, ड्रेन न उघडता.

पण सुरुवातीचा अर्धा-एक किलो आणि समोर 0.6, हे गणित अजून काठावरच होतं. म्हणून पुढच्या सुट्टीत कढयांचं पाणी वर चढवणंच बंद केलं. ते आता उताराने जमिनीलगतच्या एका टाकीत पडतं, टाकीचा व्हेंट पाइप छताच्या वर नेलाय आणि तिथून पंप पाणी फीड टँकला पाठवतो. व्हेंटला व्हॉल्व्ह ठेवलेला नाही आणि कधी ठेवूही नये. तो बंद झाला तर टाकीत प्रेशर धरतं आणि आपण पुन्हा मूळपदावर येतो.

कढयांना फ्लोटचे ट्रॅप बसवले, ज्यांत हवा सोडण्याचा स्वतंत्र थर्मोस्टॅटिक भाग असतो. पहाटे जॅकेट हवेने भरलेलं असतं आणि ती हवा झपाट्याने आली तर चकतीचा ट्रॅप तिला वाफ समजून बंद होतो. फ्लोटचं तसं होत नाही. ट्रॅप निवडताना चालू स्थितीतलं पाणी नाही, गार दुधाच्या वेळचं पाणी धरलं. ते दुप्पट तरी असतं.

ड्रेन काढून टाकला नाही, दुरुस्तीआधी जॅकेट रिकामं करायला तो लागतोच. मात्र पायाने उघडणारी दांडी गेली. तिथे चाकाचा ग्लोब व्हॉल्व्ह आला, जो हळूहळूच उघडतो. त्याच्या पुढे पाइप गटारीच्या जाळीखालपर्यंत नेऊन भिंतीला क्लॅम्प केला. चाकाला साखळी-कुलूप आहे, किल्ली ऑपरेटरकडे.

दुरुस्तीचा क्रम फळ्यावर लिहून घेतला: आधीचा आणि नंतरचा दोन्ही व्हॉल्व्ह बंद, दोन्हींना कुलूप, ड्रेन उघडून प्रेशर सोडायचं, पाइप हात टेकवण्याइतका थंड होऊ द्यायचा, मग पाना. गेजने शून्य दाखवलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, गेजची नळी तुंबलेली असू शकते. फ्लँज खोलताना आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी सैल करायचा, म्हणजे आत काही उरलं असेल तर ते पलीकडे जाईल.

कपड्यांचं एकच सांगतो. गमबूट घालणाऱ्यांनी पँट बुटाच्या बाहेर ठेवायची. आत खोचली की बूट नरसाळ्यासारखा भरतो, आणि उकळतं पाणी पायाला धरून ठेवतो. मामांचं पाऊल नडगीपेक्षा जास्त भाजलं ते त्यामुळे.

आणि त्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या पायाला टूथपेस्ट लावली होती, प्रेमाने, पण चुकीचं. बूट-मोजा लगेच काढा, कातडीला चिकटला असेल तर तेवढा भाग सोडून द्या. जोडवी, अंगठी, कडं सूज यायच्या आधी काढा. नळाचं साधं वाहतं पाणी पूर्ण 20 मिनिटं सोडा, घड्याळ लावून. बर्फ, हळद, शाई, खोबरेल काही नाही. मग स्वच्छ फडकं सैल झाकून दवाखाना. हात, पाऊल, चेहरा किंवा सांध्यावर भाजलं असेल तर जखम लहान दिसली तरी जा.

रिटर्न लाईनचा तो गेज आम्ही तसाच ठेवला, कढयांचं पाणी आता त्या लाईनवर चढत नाही म्हणून 0.5 वर लाल रेघ मारून. मेनचा ड्रिप ट्रॅप अजून त्याच लाईनला आहे, त्यामुळे तो पुन्हा उघडा अडकला तर काटा आधी सांगेल. मामा कामावर आले आहेत, पाचला दूध ओतायच्या आधी ते काटा बघतात आणि ऑपरेटर डायरीत आकडा लिहितो. तुमच्याकडे काटा रेघेच्या खाली आहे आणि तरीही कढई अडते आहे, तर मग क्रमाने स्ट्रेनरची जाळी, ट्रॅपचा हवा सोडणारा भाग आणि जॅकेटचा तळ बघा. आउटलेट जॅकेटच्या अगदी तळाशी नसून दोन बोटं वर वेल्ड केलेला असेल, तर कोणताही ट्रॅप बसवा, तेवढं पाणी आत राहणारच.